असत्या की असतील

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले, तिथे बराच वेळ काहीतरी खुडबुड केली आणि मग एक बंद मूठ मुलांच्या नाकासमोर धरली.

"सांगा, काय आहे यात?"

"खडू!"

"काही नाही!"

"बाईंची बोटं," वकीलबाई म्हणाली. ही नऊ वर्षांची मुलगी प्रत्येक वाक्यावर हरकत घ्यायची, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं आणि तिला ते पदवी मिळाल्यासारखं आवडायचं.

"बोटं आहेतच. बोटांच्या आत काय आहे ते विचारतेय. कुणाला माहीत आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"झालं तर मग. माहीत नाही ना? आता ऐका. 'मुठीत खडू असेल, तर तो तुझा.' असेल. म्हणजे आहे की नाही, देव जाणे. मूठ बंद आहे." बाईंनी मूठ उघडली. हात रिकामा होता. "आणि आता? आता सगळ्यांना दिसलं, खडू नाही. आता 'असेल' म्हणून चालेल का?"

मुलं विचारात पडली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली सुट्टीच्या दिवशी सकाळी बाईंना मिळायची. पोरं आठवडाभर दुसऱ्याच भाषेच्या शाळेत जात. मराठी त्यांच्या वाट्याला यायची ती घरात, जेवताना, ओरडा खाताना आणि झोपायच्या आधी. त्यामुळे ती बोलायची झरझर, पण 'जर' म्हणून वाक्य सुरू केलं की 'तर'पर्यंत पोचताना धडपडायची. उभा जन्म शाळेत काढलेल्या बाईंना या धडपडीचा कधी कंटाळा येत नसे. गुडघे कुरकुरत असतानाही त्या जिना चढून यायच्या त्या याचसाठी.

"मिरी, तू सांग."

मिरी खिडकीजवळ बसली होती. बारीक, सावळी, मिरीच्या दाण्याएवढी आणि बोलण्यात तितकीच नेमकी. एरवी बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. आज ती दचकून उठली.

"मुठीत खडू असता, तर तो मला मिळाला असता."

"शाब्बास. आणि खडूऐवजी पेन्सिल?"

"पेन्सिल असती, तर मिळाली असती."

"खोडरबर?"

"खोडरबर असतं, तर मिळालं असतं."

"बघा, कशी सुरेख बोलली! जी वस्तू नाही, तिच्याप्रमाणे 'असता' बदलतो. रिकाम्या हातालासुद्धा लिंग सांभाळावं लागतं. लक्षात ठेवा, मूठ बंद असली की 'असेल'. मूठ उघडली आणि हात रिकामा निघाला, की 'असता'. जे घडलेलंच नाही, पण घडलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायचं असेल तेव्हा 'असता'. आता प्रत्येकाने असं न घडलेलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं. चला, वकीलबाई, तुम्हीच सुरुवात करा."

वकीलबाईने ऐटीत लिहिलं: जर मी राणी असते, तर गृहपाठावर बंदी घातली असती.

"बिनचूक. आणि नशीब आमचं, की 'असते' आहे."

मग लंबू आला. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, पण अक्षर मुंगीएवढं. जर मला पंख असतील, तर मी शाळेत उडत जाईन.

"असतील?" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे तुला अजून खात्री नाही? सदरा वर करून बघू या का, फुटलेत का ते?"

वर्ग खदखदला. लंबूने आपल्या खांद्याकडे खरंच एक नजर टाकली, त्यामुळे हशा दुप्पट झाला. त्याने पुसून लिहिलं: जर मला पंख असते, तर मी शाळेत उडत गेलो असतो.

"आणि तरी उशीरच केला असतास," बाई म्हणाल्या. "मिरी, ये गं."

मिरी फळ्यापाशी गेली. तिने बराच वेळ खडू नुसता धरून ठेवला. मग खाली मान घालून, खडू दाबून लिहिलं:

जर ढब्बूने आजोबांच्या गोळ्या खाल्ल्या असतील, तर तो झोपेल.

ढब्बू म्हणजे मिरीचा धाकटा भाऊ. नुकता चालायला लागलेला, गोलगरगरीत. मिरीच्या बहुतेक वाक्यांत तो असायचाच: ढब्बू पडला, ढब्बूने माझी वही चावली, ढब्बूला बूट घालायला आवडत नाही. मुलं त्याचं नाव वाचूनच हसली. बाईही हसल्या. हात आपोआप पुढे गेला, कारण असल्या चुका दुरुस्त करत तो हात म्हातारा झाला होता.

"पुन्हा तेच! लंबूची लागण झाली वाटतं तुला." त्यांनी 'असतील' पुसलं. "गोळ्या, स्त्रीलिंगी, अनेक. म्हणून 'खाल्ल्या असत्या'. आणि 'झोपेल' नाही, 'झोपला असता'."

जर ढब्बूने आजोबांच्या गोळ्या खाल्ल्या असत्या, तर तो झोपला असता.

मिरी ते वाक्य बघत राहिली. तिचे ओठ हलले.

"बाई, आता ते झालेलं नाही ना?"

"काय गं?"

"असत्या म्हटलं, म्हणजे त्याने खाल्ल्याच नाहीत."

"नाहीतच. असत्या म्हटलं की मूठ रिकामी."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मिरीने इतका मोठा श्वास सोडला, की पहिल्या बाकावरच्या मुलांनी वळून पाहिलं. ती जागेवर गेली, वही उघडली आणि लिहायला लागली.

पुढची मुलं एकामागून एक आली. कुणाला हत्ती पाळायचा होता, कुणाला रविवार आठवड्यातून तीनदा हवा होता. बाई दुरुस्त करत होत्या, चेष्टा करत होत्या, पण मन कुठेतरी अडकलं होतं, बोटाला लागलेलं कुसळ दिसत नाही आणि तरी टोचत राहतं तसं. आताच तर या पोरीने खडू, पेन्सिल आणि खोडरबर, तिन्ही एका दमात बरोबर सांगितलं होतं. लंबू चुकला, कारण त्याला कळलं नव्हतं. मिरीला कळलं होतं. मग ती का चुकली?

त्या बाकांमधून चालत खिडकीपाशी आल्या. मिरीच्या वहीचं पान भरलं होतं. एकच वाक्य, एकाखाली एक. खाल्ल्या असत्या. खाल्ल्या असत्या. खाल्ल्या असत्या. अंगारा लावावा तसं ती ते वाक्य पानाला लावत सुटली होती.



त्या मिरीच्या बाकावर, तिच्या शेजारी अंग चोरून बसल्या आणि आवाज अगदी खाली आणला.

"मिरी, ही दोन वाक्यं होती ना, तू लिहिलेलं आणि मी बदललेलं. तुझं कोणतं?"

"तुम्ही बदललेलं."

"का?"

"ते चांगलं आहे."

"चांगलं कोणतं ते नाही विचारत, बाळा. खरं कोणतं?"

मिरीने पेन्सिल इतकी घट्ट धरली, की तिचं टोक मोडलं.

"मला नाही माहीत."

"म्हणजे मूठ बंद आहे?"

मिरीने मान हलवली. हो.

एवढं झाल्यावर बांध फुटला. शब्द अडखळत, एकमेकांना ढकलत बाहेर आले. सकाळी आजोबांची गोळ्यांची डबी मिरीनेच खाली काढली होती. काढायला बंदी होती, पण आजोबांना रात्री झाकण निघत नाही, म्हणून ते सैल करून ठेवावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात बाबांनी खालून हाक मारली, गाडी उभी आहे, लवकर ये. बूट घालून ती परत आली, तर डबी चटईवर आडवी आणि ढब्बू टेबलाखाली. गोळ्या सांडल्या होत्या. तिने त्या भराभर गोळा केल्या, झाकण लावलं, डबी वर ठेवली. बाबा पुन्हा ओरडले. ती पळाली.

"खाताना पाहिलंस त्याला?"

"नाही. पण ओठाला पांढरं लागलं होतं."

"कसल्या गोळ्या?"

"आजोबांच्या झोपेच्या."

ओठाला पांढरं लागलं होतं, आणि आपण पोरीचं 'असतील' तिच्या डोळ्यांदेखत फळ्यावरून पुसून टाकलं! पण स्वतःवर चिडायला आता वेळ नव्हता. त्या उठल्या, तेव्हा गुडघे कुरकुरले की नाही हेही त्यांना कळलं नाही.

"वकीलबाई, खाली पळ आणि ग्रंथपालबाईंना वर घेऊन ये. 'बाईंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय' एवढंच सांग. वाटेत वाद घालू नकोस."

वकीलबाई आयुष्यात पहिल्यांदाच एकही शब्द न बोलता गेली.

मिरीची आई शिवणकामाच्या कारखान्यात होती. यंत्रांच्या खडखडाटात तिला फोन ऐकू येणं कठीण. बाईंनी केला, तो वाजून वाजून बंद पडला. बाबा गाडी घेऊन गावाबाहेर माल पोचवायला गेलेले, त्यांचा लागलाच नाही. उरला घरचा फोन. तो आजोबांनी निवांत उचलला.

"हॅलो, कोण?"

"मी मिरीच्या मराठीच्या बाई. मिरी माझ्याजवळ आहे, ठीक आहे. ढब्बू कुठंय?"

"झोपलाय. आज अगदी शहाण्यासारखा वागला बघा, सकाळी सकाळीच आडवा झाला. म्हटलं, बरं झालं, निदान पेपर तरी वाचून होईल."

"त्याला उठवा."

"अहो, उठवला तर घर डोक्यावर घेईल!"

"घेऊ दे. आजोबा, तुमच्या झोपेच्या गोळ्या त्याच्या तोंडात गेल्या असतील."

"छे, छे! डबी ही काय, माझ्यासमोर आहे. झाकण घट्ट. त्याने खाल्ल्या असत्या, तर डबी उघडी नसती का सापडली? आणि औषधाची चव म्हणजे काय खेळ आहे? खाल्ल्या असत्या, तर थुंकून थुंकून त्याने चटई भरून टाकली असती."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाक्य कसं गुळगुळीत होतं! कुठे चूक काढायला जागा नाही. म्हाताऱ्या माणसाने मूठ उघडून पाहिलीच नव्हती, आणि तरी ती रिकामी आहे असं सांगून मोकळा झाला होता.

"बाई," मिरी त्यांचा पदर ओढत कुजबुजली, "त्या वरून गोड असतात. मी एकदा चाटून बघितलीय."

"आजोबा, ऐका. त्या वरून गोड असतात. डबी सांडली होती, मिरीने ती भरून झाकण लावलंय. 'असत्या' म्हणू नका. अजून कुणी काही पाहिलेलं नाही. 'खाल्ल्या असतील' म्हणा आणि त्याला उठवा."

"म्हणजे तुम्ही सुट्टीच्या दिवशी मला व्याकरण शिकवायला फोन केलात?"

"हो, त्यासाठीच केलाय. तो उठला, तर तुमच्या दारात येऊन माफी मागेन. पण आधी उठवा. फोन चालू ठेवा."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग सपाता फरफटत लांब गेल्या. खोलीत मुलं चिडीचूप होती. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ग्रंथपालबाई धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. बाईंनी बोटानेच त्यांना थांबवलं.

फोनमधून लांबून आवाज येत होता. "ढब्बू... ए ढब्ब्या. ऊठ रे राजा. बघ, कोण आलंय." जरा शांतता. "ए, ऊठ ना. काय नाटकं करतोस? ढब्बू?" आणि मग तोच आवाज, पण त्यातली सगळी हवा निघून गेलेला: "अरे देवा. बाई! मान टाकतोय हो हा. बाई!"

"श्वास चालू आहे?"

"आहे. आहे, पण..."

"त्याला कुशीवर निजवा. पाणी, दूध, काही पाजू नका. उलटी करवू नका. त्याच्याजवळून हलू नका. दार उघडं ठेवा आणि डबी हातात ठेवा, ती डॉक्टरांना लागेल. रुग्णवाहिका येतेय."

ग्रंथपालबाई ऐकता ऐकताच आपल्या फोनवरून रुग्णवाहिकेला बोलवत होत्या. पत्ता मिरीने सांगितला. मजल्यापासून कुठल्या बाजूला वळायचं इथपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"मुलांजवळ मी थांबते," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "कारखान्यातही मीच कळवते, कचेरीत फोन करून. तुम्ही दोघी निघा."

टॅक्सीत मिरी बाईंना चिकटून बसली होती. तिच्या हाताला अजून खडूची भुकटी होती. चौकाचौकात दिवा लाल होत होता, आणि प्रत्येक वेळी मिरीचा हात बाईंच्या हातात आवळत होता. ती काही विचारत नव्हती. बाईंनाही उगीच 'सगळं ठीक होईल' असं म्हणवेना. हातात हात देऊन बसण्यापलीकडे त्यांच्याजवळ त्या क्षणी काही नव्हतं.

रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात भिंतीला टेकून निळ्या खुर्च्या होत्या. आजोबा आधीच तिथे पोचले होते. एका पायात सपात, दुसऱ्या पायात बूट. ढब्बूला आत नेलं होतं. थोड्याच वेळात मिरीची आई आली, कामाचा अंगरखा तसाच, त्याला दोरे चिकटलेले. तिने आजोबांकडून सगळं ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा असा ताणला गेला, की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"आई..." मिरी म्हणाली.

"तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर?" आई फुटली. "एक हाक मारली असतीस, तर? बाबा खाली उभे होते. त्यांनी तसाच उचलून इथे आणला असता त्याला!"

"तिला नको बोलूस," आजोबा म्हणाले. "मी पेपरात डोकं घालून बसलो नसतो, तर मलाच दिसलं असतं. तो कधी असा झोपतो का? मला कळायला हवं होतं."

"आणि डबी मी वरच्या फळीवर ठेवली असती, तर हे घडलंच नसतं," आई म्हणाली. आता ती रडत होती. "रोज म्हणते, ठेवते, ठेवते..."

असतंस, नसतो, असती, नसतं. प्रत्येक रूप बिनचूक होतं. कुणालाही दुरुस्तीची गरज नव्हती. बाईंच्याही जिभेवर त्यांचं स्वतःचं वाक्य येऊन ठेपलं होतं: मी ते पुसलं नसतं, तर. त्यांनी ते गिळलं. सकाळी गंमत म्हणून मुलांच्या हातात दिलेलं हे रूप इथे मोठ्या माणसांना चाबकासारखं लागत होतं, आणि मारणारेही तेच होते. शिवाय प्रत्येक फटका वळून शेवटी मिरीच्याच अंगावर येत होता. ती भिंतीला इतकी चिकटली होती, जणू भिंतीत शिरायची वाट शोधत होती.

"हे बघा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण ज्या आवाजाने त्यांनी कैक वर्गांचा गोंगाट थांबवला होता, तो हाच. "जे केलं नाही, त्याचा हिशोब नंतर कितीही मांडा. मी पण मांडणार आहे माझा. पण एक गोष्ट झालेली आहे. मिरीने सांगितलं. घाबरून, आडून, फळ्यावर लिहून का होईना, सांगितलं. मी चुकीचं समजून पुसलं, तरी विचारल्यावर पुन्हा खरं सांगितलं. म्हणून तो आत आहे, डॉक्टरांजवळ."

आईने डोळे पुसले.

दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, पण डोळे खूप जागलेल्या माणसाचे. त्यांच्या हातात आजोबांची डबी होती.

"किती खाल्ल्या, कुणी सांगू शकेल?"

"हिने पाहिलं," आजोबा म्हणाले.

डॉक्टर मिरीसमोर उकिडव्या बसल्या. "काय पाहिलंस? न पाहिलेलं सांगू नकोस हं."

"खाताना नाही पाहिलं," मिरी म्हणाली. "ओठाला पांढरं होतं. एक खाल्ली असेल. जास्त खाल्ल्या असतील. मला माहीत नाही. चटईवरच्या मी सगळ्या परत भरल्या."

"छान सांगितलंस." डॉक्टर उठल्या. "डबीवरची तारीख, आजोबांचा रोजचा डोस आणि उरलेल्या गोळ्या बघता, फार गोळ्या गेलेल्या दिसत नाहीत. श्वास बरा आहे, नाडीवर आमची नजर आहे. आता वाट बघायची. तो आपणहून जागा झाला, तर काळजीचं कारण उरणार नाही. नाही झाला, तर श्वासाला मदत द्यावी लागेल, आणि त्याला दुसऱ्या विभागात हलवू."

दार पुन्हा लागलं.

मिरीने बाईंचा हात ओढला. तिचे डोळे चमकत होते.

"बाई, जागा झाला?"

"नाही गं, अजून नाही."

"पण त्या 'झाला' म्हणाल्या."

बाईंच्या लक्षात आलं. पोरीने 'झाला' ऐकला होता. त्याच्या मागचा 'तर' तिच्या कानातून निसटला होता, आणि तो निसटावा असं तिला वाटतही असणार.

"झाला तर, असं म्हणाल्या त्या. नुसतं 'झाला' म्हटलं तर ते होऊन गेलेलं. पण मागे 'तर' आला की तेच पुढचं होतं. पाऊस आला तर छत्री घेऊ, म्हणजे पाऊस अजून यायचाय. यायचा असला तर."

"म्हणजे मूठ बंद?"

"हो. पण ही मूठ अजून भरायची आहे. आत काय येणार, ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांनासुद्धा."

चौघं खुर्च्यांवर ओळीने बसले होते, आणि समोरचं दार तेवढं बोलू शकणारं होतं. आजोबा बूट नसलेला पाय दुसऱ्या पायाखाली लपवत होते. आई अंगरख्याला चिकटलेला एकेक दोरा ओढून काढत होती आणि बोटाभोवती गुंडाळत होती. एक परिचारिका आत गेली, लगेच बाहेर आली, काही न बोलता परत आत गेली. तिच्या चालीवरून काही कळतं का, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. काहीच कळलं नाही. मग बराच वेळ कुणीच आत गेलं नाही, आणि ते आणखी वाईट होतं. बाईंना वाटलं, आयुष्यभर आपण 'तर'च्या अलीकडचं रूप शिकवलं. 'तर'च्या पलीकडे बसून राहायचं कसं, ते मात्र कुणी कधी शिकवलं नाही.

आईचं बोट दोऱ्याने पांढरं पडलं होतं. मिरी ते बघत होती. जरा वेळाने ती खुर्चीवरून खाली उतरली, आईपाशी गेली, आणि बोलायचं धाडस न होऊन परत येऊन बसली.

आणि मग दारामागून एक आवाज आला. आधी बारीक, झोपेतल्या मांजरासारखा. मग चिडका. मग असा भोंगा लागला, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चालणारा माणूस थबकला. आजोबा ताडकन उभे राहिले. तो आवाज ओळखायला त्यांना कुणाची गरज नव्हती. रोज दुपारी तोच त्यांची झोपमोड करत असे.

डॉक्टर दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "झाला!" त्यांच्या बाहीवर ओला डाग होता. "आमच्या परिचारिकेला चावलाही. आजची रात्र इथेच ठेवू, पण आता काळजी नाही. आई कोण?"

आई कधीच आत शिरली होती. आजोबा एका पायात सपात, एका पायात बूट, तसेच तिच्यामागे धावले.

मिरी मात्र खुर्चीवरच राहिली. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते तिने खुर्चीखाली ओढून घेतले.

"जा ना," बाई म्हणाल्या.

"आई रागावली तर?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस एका बाजूने सुटले होते, आणि ती खरोखर उत्तराची वाट बघत होती. बाईंनी तिची सुटलेली बट कानामागे सारली.

"रागावली तर रागावू दे. रागावण्यासारखं आहेच. तू ऐकून घे. पण जा."

मिरी उतरली. दारापाशी थांबली, मागे वळून पाहिलं नाही, दोन्ही हातांनी जड दार ढकललं आणि आत गेली.

बाईंना बाहेर आईचा आवाज ऐकू आला. ती रागावत होती, जोरात, ढब्बूच्या रडण्याच्याही वर. "पुन्हा कधी, पुन्हा कधी अशी गोष्ट लपवलीस तर..." आणि तिथेच तो आवाज तुटला. त्यानंतर बराच वेळ फक्त ढब्बूचं रडणं येत राहिलं.